वरून खाली विणायचा गोल योक: नक्षीच्या तक्त्यात टाके कुठे बदलायचे, म्हणजे नक्षी बिघडत नाही

प्रश्न: मला वरून खाली रंगीत नक्षीचा गोल योक असलेला स्वेटर विणायचा आहे. तक्त्यामध्ये घट नेमकी कुठे दाखवायची, म्हणजे नक्षी वाकडी किंवा तुटकी दिसणार नाही?

उत्तर:

वरून खाली विणताना योकमध्ये घट येत नाही, वाढ येते. आइसलँडचा लोपापेयसा हा गोल योकचा स्वेटर परंपरेने खालून वर विणतात. अंग आणि दोन्ही बाह्या एका सुईवर आल्या की गळ्याकडे जाताना टाके कमी होत जातात. आपल्या हाती पडणारे बहुतेक तक्ते याच पद्धतीचे असतात, म्हणून त्यांत घटीच्या खुणा दिसतात. वरून सुरुवात केली की तीच ठिकाणे वाढीची होतात. वाढ दोन नक्षींच्या मधल्या मूळ रंगाच्या जागेत, त्या जागेच्या मधल्या टाक्याच्या दोन्ही अंगांना एकेक अशी जोडीने घ्या. शिवाय आदल्या फेरीत तिथे मूळ रंगाचे किमान तीन टाके सलग असले पाहिजेत.

तक्ता खालून वर विणायचा असेल तर तो नुसता उलटा धरून चालत नाही. घटीची खूण ज्या ओळीत असते, त्या ओळीत टाके आधीच कमी झालेले असतात. समजा त्या ओळीत १० चौकटी आहेत आणि तिच्या खालच्या ओळीत १२. वरून येताना तुम्ही आधी १० ची ओळ विणता आणि मग १२ ची. म्हणजे वाढ १२ च्या ओळीत करायची आहे, खूण असलेल्या ओळीत नाही. प्रत्येक खूण एक ओळ खाली सरकवून तक्ता पुन्हा काढा. हे केले नाही तर वाढ एक फेरी लवकर होते, त्या फेरीला चौकटी कमी पडतात आणि जादा टाके कोणत्या रंगात विणायचे हे अंदाजाने ठरवावे लागते. नक्षीची कड तिथेच फाटल्यासारखी दिसते.

रिकाम्या चौकटींकडेही बघा. पुनरावृत्ती अरुंद असते तिथे तक्त्यात राखाडी, म्हणजे ‘इथे टाका नाही’ अशा चौकटी असतात. पुष्कळ तक्त्यांत त्या सगळ्या एकाच कडेला ढकललेल्या असतात. मग कागदावर नक्षी तिरकी दिसते, आणि तसेच विणले तर लोकरीतही तिरकी येते. नक्षी तक्त्याच्या मध्यावर घ्या आणि रिकाम्या चौकटी दोन्ही कडांना सारख्या वाटा.

आता एक पूर्ण हिशेब करून पाहू. लेटलोपीसारखी मध्यम जाड लोकर, ४.५ मिमी सुया, धुऊन वाळवलेल्या नमुन्यात १० सेंमीला १८ टाके आणि २४ फेऱ्या. नमुना गोलच विणा. सपाट विणलेल्या नमुन्यात उलट ओळींचा ताण वेगळा येतो आणि रंगकामात तो फरक जास्त जाणवतो. छाती १०० सेंमी हवी, म्हणजे अंगाला १८० टाके. बाहीचा दंडाशी घेर साधारण ३५.५ सेंमी, म्हणजे ६४ टाके. प्रत्येक काखेत ११ टाके नव्याने घालायचे. योक संपताना लागणारे टाके असे: पुढचा भाग ७९, मागचा ७९, दोन बाह्या प्रत्येकी ५३, एकूण २६४. हे १२ टाक्यांच्या २२ पुनरावृत्ती होतात.

गळ्याची पट्टी ८० टाक्यांची. तिच्यानंतर मागचा गळा उचलून घेण्यासाठी साध्या रंगात अर्धवट ओळी विणा, मागे सुमारे ३ सेंमी उंची मिळेल इतक्या. मग एका फेरीत दर १० टाक्यांनंतर एक वाढवून ८८ करा. तक्ता इथून सुरू होतो: २२ पुनरावृत्ती, प्रत्येकी ४ टाक्यांच्या. २२ हा आकडा शेवटपर्यंत बदलत नाही, फक्त प्रत्येक पुनरावृत्ती ४ वरून ६, ८, १० आणि शेवटी १२ अशी रुंद होत जाते. प्रत्येक वाढीला ४४ टाके येतात: ८८, १३२, १७६, २२०, २६४.

प्रत्येक वेळी दोनच टाके वाढवण्यामागे कारण आहे. पुनरावृत्ती सम संख्येची असेल तर नक्षीचा मध्य एका टाक्यावर येतो आणि दोन नक्षींमधल्या मोकळ्या जागेचा मध्यही एका टाक्यावर येतो. दोन्ही मध्य टाक्यांवर असले की उजवी आणि डावी बाजू तंतोतंत सारखी राहते. एकच टाका वाढवला तर पुनरावृत्ती विषम होते, मोकळ्या जागेचा मध्य दोन टाक्यांच्या फटीत जातो आणि मधल्या टाक्याभोवती जोडीने वाढ घेण्याची सोय उरत नाही. विषम पुनरावृत्तीवर चांगले योक विणले जातात, पण पहिल्यांदाच तक्ता स्वतः मांडत असाल तर सम संख्येवर राहा.

पुनरावृत्तीची सीमा मोकळ्या जागेच्या मधल्या टाक्यावर ठेवा. तक्त्याचा पहिला रकाना म्हणजे तो मधला टाका, आणि खुणेची रिंग त्याच्या आधी. ४ टाक्यांत नक्षीचा मध्य तिसऱ्या रकान्यात येतो, ६ मध्ये चौथ्या, ८ मध्ये पाचव्या, १० मध्ये सहाव्या, १२ मध्ये सातव्या. वाढीच्या फेरीत प्रत्येक पुनरावृत्तीत पहिला टाका विणा, लगेच एक वाढवा, बाकीचे टाके तक्त्याप्रमाणे विणा आणि पुढच्या रिंगेच्या अगदी आधी दुसरा वाढवा. अशाने मधल्या टाक्याच्या दोन्ही अंगांना एकेक नवा टाका बसतो.

नक्षी म्हणून एक पान घेऊ. टोक गळ्याकडे, खाली येताना रुंद होत जाणारे. पहिल्या पाच फेऱ्यांत फक्त तिसऱ्या फेरीला तिसऱ्या रकान्यात एकेक ठिपका. सहावी फेरी पूर्ण मूळ रंगात, तिच्यात ४ चे ६. नवव्या फेरीला चौथ्या रकान्यात पानाचे टोक, बाराव्या फेरीपासून पान ३ टाके रुंद. सोळाव्या फेरीला दुसरी वाढ येते आणि तेव्हा पान चालूच असते. इथे खरी परीक्षा आहे. पंधरावी आणि सोळावी फेरी जवळून पाहा:

```
फेरी १५:   . . # # # .
फेरी १६:   . + . # # # . +

.  मूळ रंग    #  पानाचा रंग    +  नवा टाका, मूळ रंगात
```

पंधराव्या फेरीत पानांच्या मध्ये मूळ रंगाचे तीन टाके आहेत: सहावा, पुढच्या पुनरावृत्तीचा पहिला आणि दुसरा. या तीन टाक्यांमध्ये दोन फटी आहेत आणि दोन्ही फटींतला आडवा धागा स्वच्छ मूळ रंगाचा आहे. तोच उचलून नवा टाका करायचा. सोळाव्या फेरीत पान ३ टाक्यांचेच राहते आणि मोकळी जागा ५ होते. पानाला धक्का लागत नाही. त्यानंतर विसाव्या फेरीला पान ५ टाक्यांचे करा, मोकळी जागा पुन्हा ३ वर येते. अठ्ठाविसाव्या फेरीला तिसरी वाढ, ८ चे १०. बत्तिसाव्या फेरीला पान ७ टाक्यांचे. चाळिसाव्या फेरीला शेवटची वाढ, १० चे १२. सोळाव्या आणि अठ्ठाविसाव्या फेरीच्या वाढीनंतर क्रम एकच आहे: आधी मोकळी जागा रुंद होते, मग चार फेऱ्यांनी पान त्यातले दोन टाके घेते. वाढ आणि पानाचे रुंदावणे एकाच फेरीत आणू नका. आणले तर नवा टाका नक्षीची कड होतो, आणि वाढीचा टाका नेहमी थोडा पिळलेला असल्याने ती कड तिथेच खडबडीत दिसते.

तीन टाके का, दोन का नाही, हे नीट लक्षात घ्या. मूळ रंग आणि पानाचा रंग जिथे शेजारी येतात, तिथल्या फटीत एक स्वच्छ आडवा धागा नसतो. मागून दोन्ही रंगांचे धागे गेलेले असतात. तिथे सुई घातली की हमखास मागचा लांब धागा उचलला जातो, नवा टाका चुकीच्या रंगाचा येतो आणि मागचा धागा आखडून समोर खळगा पडतो. मोकळी जागा दोनच टाक्यांची असेल तर अशी स्वच्छ फट एकच मिळते, जोडीची वाढ बसत नाही.

वाढीचे दोन प्रकार लागतात. पहिल्या टाक्यानंतरच्या वाढीसाठी आडवा धागा डाव्या सुईने पुढून मागे उचला आणि मागच्या बाजूने सुलट विणा. हा टाका डावीकडे झुकतो. रिंगेच्या आधीच्या वाढीसाठी धागा मागून पुढे उचला आणि पुढच्या बाजूने सुलट विणा. हा उजवीकडे झुकतो. दोन्हींत धाग्याला पीळ पडलाच पाहिजे. पीळ नसेल तर तिथे भोक राहते, आणि २२ पुनरावृत्तींत तशी ४४ भोके रांगेत दिसतात. एकाच टाक्यात पुढून आणि मागून विणून दोन करण्याची पद्धत इथे वापरू नका. तिच्यात नव्या टाक्याखाली एक आडवी गाठ दिसते आणि ती एकाच बाजूला पडते. खालच्या फेरीच्या टाक्यात सुई घालून केलेली वाढही टाळा. ती खालच्या टाक्याला वर खेचते, त्यामुळे खालच्या फेरीत ठिपका असेल तर तो लांबट होतो.

तक्ता असा असेल की स्वच्छ फट मिळतच नाही, तर धाग्याचा फास सुईवर घालून टाका वाढवा. हा टाका खालच्या फेरीवर अवलंबून नसतो. हातातला जो रंग तक्त्याला हवा, तोच त्याला मिळतो. एका बाजूचा फास डावीकडे वळवून, दुसऱ्या बाजूचा उजवीकडे वळवून घाला. पुढच्या फेरीत तो सैल वाटला तर पीळ देऊन विणा. गुंतागुंतीच्या तक्त्यांत मला हीच वाढ जास्त भरवशाची वाटते, विणायला थोडी किचकट असली तरी.

आता फेऱ्यांच्या अंतराविषयी. ६, १६, २८ आणि ४० या फेऱ्या नक्षीच्या सोयीने निवडल्या आहेत, पण त्यांना एक मर्यादा आहे. सपाट वर्तुळाचा घेर त्रिज्येच्या प्रत्येक सेंटिमीटरला ६.२८ सेंमीने वाढतो. योकचा घेर याहून वेगाने वाढला तर कापड सपाटही बसत नाही, त्याला झालर येते. १८ टाके आणि २४ फेऱ्यांच्या नमुन्यात ही मर्यादा दर फेरीला सरासरी ४.७ टाके येते. तुमच्या नमुन्यासाठी हिशेब असा:

```
6.28 × (१० सेंमीतले टाके ÷ १० सेंमीतल्या फेऱ्या)
```

४४ टाक्यांच्या दोन वाढींमध्ये म्हणून किमान ९ ते १० फेऱ्या हव्यात. आपल्या तक्त्यात १०, १२ आणि १२ आहेत. शेवटच्या वाढीनंतर तेराएक फेऱ्या वाढ नाही. खांद्याच्या उतारानंतर योक दंडावर आणि छातीवर जवळजवळ सरळ उतरतो, तिथे त्याला रुंदी नको असते. एकूण खोली ५३ फेऱ्या, म्हणजे पुढून साधारण २२ सेंमी. वाढ उलट खालच्या अर्ध्यात जास्त ठेवली तर खांद्यावर योक ताणला जातो आणि काखेजवळ पिशवी लोंबते.

नक्षी बिघडली की तिच्याकडे पाहूनच कारण कळते. सगळी पाने एकाच दिशेला कलली असतील, योकला भोवऱ्यासारखा फेर आला असेल, तर दोन्ही वाढी मधल्या टाक्याच्या एकाच बाजूला पडल्या आहेत. पानाची मधली शीर एखाद्या फेरीला अर्धा टाका बाजूला उडी मारत असेल, तर वाढ पानाच्या आत गेली आहे. वाढीच्या फेरीवर योक दोरी ओढल्यासारखा आत खेचला गेला असेल, तर टाके बरोबर आहेत, मागचे धागे आखडले आहेत. घेर त्या फेरीपासून वाढतो, म्हणून मागचा धागा नव्या रुंदीला पुरेल इतका सोडावा लागतो. उजव्या सुईवरचे टाके पसरून मगच दुसरा रंग उचला. या दोषाला उसवण्याशिवाय उपाय नाही, धुऊन ताणून तो फार थोडा सुधारतो.

वाढीची फेरी झाली की प्रत्येक रिंगेमधले टाके मोजा. मग एका पानाच्या मधल्या टाक्यावर कापड दुमडा आणि दोन्ही बाजूंना मूळ रंगाचे टाके सारखे आहेत का ते पाहा. पुढे दहा फेऱ्या विणून झाल्यावर चूक कळली तर २६४ टाक्यांपर्यंतचे काम मागे जाते.

मागच्या धाग्यांची लांबी तक्ता मांडतानाच बघा. पान ३ टाक्यांचे आणि मोकळी जागा ५ असते तेव्हा पानाच्या रंगाचा धागा मागे ५ टाके, म्हणजे २.८ सेंमी जातो. आइसलँडची लोकर एकमेकींना धरून राहते, तिथे एवढे चालते. आपल्याकडच्या बाजारात सहज मिळणारी अॅक्रिलिक लोकर निसरडी असते, तिच्यात दर तीन टाक्यांनी मागचा धागा अडकवून घ्या, नाहीतर घालताना बोटे अडकतात. पान ७ टाक्यांचे होते तेव्हा मूळ रंगाचा धागा जवळजवळ ४ सेंमी होतो, तो कोणत्याही लोकरीत एकदा मध्ये अडकवा. लागोपाठच्या फेऱ्यांत मात्र एकाच रकान्यात अडकवू नका, तिथे समोरून रंगाची रेघ डोकावते.

चाळिसाव्या फेरीनंतर पान दोन-दोन फेऱ्यांनी ७, ५, ३, १ असे मिटवत न्या. ते १ टाक्यावर येते तेव्हा मोकळी जागा ११ टाक्यांची उरते आणि धागा ६ सेंमी लांब होतो. म्हणून पान १ वर आले की पहिल्या रकान्यात, म्हणजे बरोबर मोकळ्या जागेच्या मध्यावर, पानाच्या रंगाचा ठिपका द्या. ११ चे ५ आणि ५ असे दोन भाग होतात. हा ठिपका सममितीतही बसतो. फेरीची सुरुवात याच रकान्यात असल्यामुळे तिथे रंग एका पायरीने सरकलेला दिसू शकतो. सुरुवात मागे, डाव्या खांद्याजवळ ठेवली तर ती पायरी डोळ्यांत भरत नाही. शेवटच्या तीन फेऱ्या साध्या ठेवा आणि मग ७९, ५३, ७९, ५३ असे भाग करा. भाग करताना एखादी पुनरावृत्ती अर्धी तुटते, पण वरच्या साध्या फेऱ्यांमुळे ते दिसत नाही.

वरून विणलेल्या योकमध्ये अंगावर टाक्याचा आकार उलटा दिसतो. खालून विणताना प्रत्येक सुलट टाका वर रुंद आणि खाली निमुळता असतो; वरून विणलेला अंगावर वर निमुळता आणि खाली रुंद असतो. त्यामुळे एका टाक्याचे टोक गळ्याकडे असेल तर ते धारदार येते, खाली असेल तर फाटलेले, दोन दातांचे दिसते. पान, सुरू, डोंगर या नक्षी वरून विणताना खुलतात. खाली टोक असलेल्या नक्षीत, हृदयाच्या आकारात उदाहरणार्थ, शेवटचा एकटा टाका काढून तीन टाक्यांवर आकार संपवला तर जास्त नीट दिसते. आपल्या पानाचे खालचे टोकही याच कारणाने ३ वर थांबवायला हरकत नाही.

योकमधल्या पट्ट्या एकमेकींशी संबंध नसलेल्या असतील, म्हणजे वरची ६ टाक्यांची आणि खालची ११ टाक्यांची असेल, तर हे सगळे लागत नाही. दोन पट्ट्यांच्या मध्ये दोन-तीन साध्या फेऱ्या ठेवा आणि त्यांतल्या मधल्या फेरीत टाके सारख्या अंतरावर वाढवा. तिथे एकच नियम: नवी संख्या खालच्या पट्टीच्या पुनरावृत्तीने पूर्ण भागली गेली पाहिजे. साध्या फेऱ्या रंगीत फेऱ्यांपेक्षा सैल येतात, म्हणून त्यांना अर्ध्या मिमीने बारीक सुई घ्या. नाहीतर तिथे योकभर फुगलेली कड दिसते. खालची नक्षी वरच्या नक्षीच्या बरोबर खाली यायला हवी असेल, तर मात्र साध्या फेरीतही वाढ जोडीने, त्याच मधल्या टाक्याभोवती घ्या.

माप बदलायचे असेल तर पुनरावृत्तीची रुंदी हलवू नका, संख्या हलवा. एक पुनरावृत्ती वाढवली की गळ्याशी ४ टाके, म्हणजे २.२ सेंमी, आणि योकच्या तळाशी १२ टाके, म्हणजे ६.७ सेंमी वाढतात. मधले माप हवे असेल तर योक तसाच ठेवून काखेतले टाके ११ ऐवजी ९ किंवा १३ करा. दोन्ही काखा धरून छातीत ४ टाक्यांचा, साधारण २ सेंमीचा फरक पडतो.